घशात लागलेला कडूपणा आणि कानाचा पडदा

"माझा मुलगा 13 वर्षांचा आहे, वजन 40 किलो. पोहण्याच्या सरावाला जातो आणि पाऊस लागल्यापासून मित्रांबरोबर झरीवरही जातो. तीन दिवस झाले, उजवा कान ठणकतोय, हात लावू देत नाही, पातळ पाणी येतेय. फार्मसीतून ड्रॉप्स आणले, त्यावर नीओमायसिन लिहिलेय. काल रात्री आणि आज सकाळी घातले, तर म्हणतो, 'आई, घशात कडू लागले.' पाच वर्षांचा असताना त्याचा हाच कान वाहायचा. पडद्याला भोक आहे असे तेव्हा डॉक्टर म्हणाले होते. वाहणे थांबले, मग आम्हीही परत दाखवले नाही. ह्यांच्या डोळ्यांसाठी आणलेली सिप्रोफ्लॉक्सासिनची अर्धी बाटली घरात आहे. सासूबाई म्हणतात, लसूण घालून खोबरेल गरम कर आणि सोड कानात. पुढच्या आठवड्यात त्याची स्पर्धा आहे. नेमके काय घालू?"
— एक आई, डिचोली

ताई, ते ड्रॉप्स थांबवा आणि कान दाखवून घ्या, हा निरोप तुम्हाला पत्र मिळाले त्याच दिवशी पाठवला होता. त्यामागची कारणे मात्र इथे सविस्तर लिहिते, कारण पावसाळ्यात अशी पत्रे एकट्या डिचोलीहून येत नाहीत.

तुमच्या पत्रातले सगळ्यात महत्त्वाचे वाक्य तुमचे नाही, मुलाचे आहे. कानाची नळी एका बाजूने बंद असते आणि ती बंद करणारी भिंत म्हणजे पडदा. पडदा धड असेल तर कानात घातलेले औषध तिथेच अडते, पुढे जायला त्याला वाट नसते. पडद्यापलीकडे मधला कान असतो आणि त्याच्यातून एक बारीक नळी थेट नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. कानातल्या थेंबांची चव घशात लागली, तर ते थेंब पडद्यातून पार झाले असे धरून चालावे. जुने भोक बुजलेले नाही, असाच त्याचा अर्थ निघतो. उलटे मात्र खरे मानू नका. चव लागली नाही म्हणून पडदा शाबूत, असे म्हणता येत नाही. भोक बारीक असेल किंवा नळी सुजलेली असेल, तर औषध तिथवर पोचतच नाही.

आता आजार कोणता ते पाहू. हात लावू देत नाही असे तुम्ही लिहिले आहे. कानाच्या भोकापुढे, गालाच्या बाजूला जो छोटा उंचवटा असतो तो हलकेच दाबला किंवा पाळी वर ओढली की कळ येत असेल, तर दुखणे बाहेरच्या नळीच्या कातडीचे असते. मधल्या कानाच्या दुखण्यात पाळी ओढून सहसा काही होत नाही. तिथे बहुधा आधी सर्दी-ताप येतो, कान दडे बसल्यासारखा होतो, आणि पडदा फुटून पाणी आले की ठणका एकदम ओसरतो. स्रावाकडेही नीट बघा. शेंबडासारखा, तार येणारा स्राव मधल्या कानाचा, कारण तसला चिकट द्रव तयार करणारे अस्तर तिथेच असते. बाहेरच्या नळीत ते नसते, म्हणून तिथला स्राव पातळ किंवा कातडीच्या पांढुरक्या भुग्यासारखा असतो. पातळ पाणी, पाळीला हात लावताच कळ, आणि त्याआधीचे पोहणे, हे सगळे एकत्र ठेवले की बाहेरच्या नळीचा जंतुसंसर्ग स्पष्ट दिसतो. म्हणजे मुलाला संसर्ग बाहेरच्या कानाचा आहे आणि पडदा बहुधा फाटका आहे. दोन्ही एकाच वेळी असू शकते. औषधाची निवड बदलते ती त्या दुसऱ्या गोष्टीमुळे.

बाहेरच्या कानाच्या संसर्गात बहुतेक वेळा सापडणारे जंतू दोन, स्युडोमोनास आणि स्टॅफिलोकॉकस. पडदा शाबूत असेल तर त्यांच्यावर नीओमायसिन, पॉलिमिक्सिन आणि थोडे स्टेरॉइड यांचे मिश्रण चांगले काम करते. तुमच्या फार्मसीवाल्याने दिलेले औषध आजारासाठी चुकीचे नाही, ते या मुलाच्या कानासाठी चुकीचे आहे. नीओमायसिन, जेंटामायसिन, टोब्रामायसिन ही एकाच घराण्यातली औषधे. मधल्या कानात ती उतरली की आतल्या कानाच्या दारात उभी राहतात. मधला आणि आतला कान यांच्यामध्ये गोल खिडकी नावाची एक छोटी जागा आहे, तिच्यावर केवळ पातळ पापुद्रा असतो. औषध त्यातून झिरपून पलीकडच्या पेशींपर्यंत पोचू शकते. त्या पेशींपैकी काही ऐकण्याच्या, काही तोल सांभाळण्याच्या. मेल्या की माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत. नीओमायसिनचा रोख जास्त करून ऐकण्याच्या पेशींवर असतो, तर जेंटामायसिनचा तोलाच्या पेशींवर.

एवढे वाचून तुम्ही घाबराल, म्हणून लगेच दुसरी बाजू सांगते. दोन वेळा घातलेल्या थेंबांनी बहिरेपण येण्याची शक्यता फार कमी आहे. संसर्ग असताना तो पापुद्रा सुजून जाड झालेला असतो, औषधाला सहज वाट देत नाही. धोका वाढतो तो दिवसांगणिक, आणि विशेष करून कान कोरडा झाल्यावरही 'बाटली संपेपर्यंत' थेंब चालू ठेवले तर. काही वेळा पर्याय नसला की कानाचे डॉक्टरही अशी औषधे थोडे दिवस, नजरेखाली वापरतात. पण पर्याय हाताशी असताना फार्मसीच्या गल्ल्यावर हा हिशेब करायचे कारण नाही. मुलाला कानात शिट्टीसारखा आवाज येतो का, चालताना झोक जातो का, त्या कानाला फोन लावला तर कमी ऐकू येते का, एवढे विचारून घ्या. यातले काहीही असले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

पर्याय म्हणजे क्विनोलोन गटाचे थेंब, अर्थात ऑफ्लॉक्सासिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन. स्युडोमोनासवर ते उत्तम चालतात आणि आतल्या कानाला अपाय करत नाहीत, म्हणून पडदा फाटलेल्या किंवा पडद्यात नळी बसवलेल्या कानात हेच पहिले औषध. सूज आणि ठणका लवकर उतरावा म्हणून त्यात बहुधा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड घातलेले असते. सिप्रोफ्लॉक्सासिन-डेक्सामेथासोनचा नेहमीचा डोस असा: 4 थेंब, दिवसातून 2 वेळा, 7 दिवस. तुमच्या डॉक्टरांनी कान बघून वेगळा आकडा दिला तर त्यांचाच पाळा. घशात चव या थेंबांचीही लागेल, त्याने बिचकू नका. औषध तिथे पोचतेय, एवढेच.

मग घरातली ती डोळ्यांची अर्धी बाटली का नको, असे तुम्ही म्हणाल. औषध तर तेच! शिवाय सिप्रोफ्लॉक्सासिनचे थेंब आपल्याकडे 'डोळे व कान' अशा दोन्हींसाठी विकले जातात. अडचण बाटलीची आहे. एकदा फोडलेली बाटली महिन्याभरानंतर टाकून द्यायची असते, कारण टोकाला बोट आणि पापणी लागून तीत जंतू शिरतात. ह्यांच्या डोळ्याला जे झाले होते ते मुलाच्या फाटक्या पडद्यापलीकडे नेऊन सोडायचे कशाला? नवी बाटली आणा, आणि कानाची म्हणून ठेवलेली बाटली कधीच कुणाच्या डोळ्यात वापरू नका.

आणखी एक गोष्ट फार्मसीतच बघून घ्या. आपल्या बाजारात कानाच्या थेंबांत चार-चार औषधे एकत्र मिळतात: एक जंतुनाशक, एक बुरशीनाशक, एक स्टेरॉइड आणि वर लिग्नोकेन. लिग्नोकेन बधिर करणारे औषध आहे. धड पडद्याच्या कानात ते ठणका थोडा कमी करते. फाटक्या पडद्यातून आत गेले, तर आतल्या कानालाच बधिर करते आणि माणसाला गरगरून उलट्या सुरू होतात. काही तासांत ते ओसरते, पण ते तास भयंकर जातात. मळ मऊ करायचे थेंब, हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, व्हिनेगरचे पाणी, यातलेही काही या कानात नको. 'सगळ्यावर चालतात' असे सांगून जे थेंब दिले जातात, त्यांची मागची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

खोबरेल आणि लसणाबद्दल सासूबाईंना माझ्याकडून सांगा की शेक द्यायला माझी ना नाही. कोमट कापड कानावर बाहेरून धरले तर मुलाला बरे वाटेल. तेल मात्र आत नको. लसणाने सोललेली कातडी आणखी भाजते, तेलाचा थर औषधाला कातडीपर्यंत पोचू देत नाही, आणि भोकातून तेल मधल्या कानात गेले तर ते काढणे सोपे नसते. शिवाय आपल्याकडच्या दमट हवेत तेलकट, ओला कान म्हणजे बुरशीला आमंत्रण.

ठणक्यासाठी थेंबांवर विसंबू नका, त्यांना दोन दिवस लागतात. 40 किलोच्या मुलाला पॅरासिटामॉलची 500 मिलिग्रॅमची गोळी दर 6 तासांनी, दिवसात 4 पेक्षा जास्त नाही, इतकी देता येते. पोटातून अँटिबायोटिक मात्र मागून घेऊ नका. कानात थेंब टाकले की औषध ज्या प्रमाणात जंतूपर्यंत पोचते, तेवढे कुठल्याही गोळीने पोचत नाही. गोळ्या लागतात त्या संसर्ग कानाच्या बाहेर, पाळीवर किंवा मानेकडे पसरला तर, किंवा माणूस मधुमेही वा अशक्त असेल तर.

थेंब घालायची पद्धत नीट पाळा, कारण 'औषध लागू पडत नाही' अशा तक्रारींतल्या बऱ्याचशा इथे सुटतात. स्वतःच्या कानात स्वतः घालू नये, दुसऱ्याने घालावे. बाटली मुठीत दोन मिनिटे धरून कोमट करा. गार थेंब पडले की चक्कर येते, आणि फाटक्या पडद्याच्या कानात तर हमखास. मुलाला डाव्या कुशीवर झोपवा, बाहेर आलेला स्राव कापसाने टिपा, पाळी मागे आणि वर ओढून थेंब नळीच्या भिंतीवरून सोडा. बाटलीचे टोक कानाला लागू देऊ नका. मग भोकापुढचा उंचवटा दोन-चारदा अलगद दाबा, सोसवेल तेवढाच. याने आत अडकलेली हवा निघते आणि थेंब खाली उतरतात. पाच मिनिटे तसाच पडून राहू दे. उठल्यावर बाहेर ओघळेल ते पुसा, पण आत कापूस कोंबून ठेवू नका.

थेंब घालताच बाहेर येत असतील, आत जायला जागाच नाही असे दिसत असेल, तर नळी सुजून बंद झालेली आहे. मग कितीही महागडे औषध असो, उपयोग नाही. अशा वेळी डॉक्टर नळीत एक बारीक वात सरकवतात, थेंब तिच्यावर टाकायचे, ती ओली होऊन औषध आतपर्यंत नेते. दोन-तीन दिवसांत सूज उतरली की ती काढतात. तुमच्या मुलाच्या बाबतीत चव घशापर्यंत पोचली, त्यामुळे काल रात्री तरी वाट उघडी होती. सूज वाढली असेल तर चित्र बदलेल.

डॉक्टरांकडे गेल्यावर पहिले वाक्य तुम्ही उच्चारायचे: 'पाचव्या वर्षी याच्या या पडद्याला भोक होते.' ते ऐकले की कान पिचकारीच्या पाण्याने धुणार नाहीत. साफसफाई लागेलच, घाण साचलेल्या नळीत औषध कातडीला भिडत नाही, पण ती सूक्ष्मदर्शकाखाली बारीक नळीने ओढून किंवा कापसाने टिपून करायची. डिचोलीहून तुम्हाला म्हापशाचे जिल्हा इस्पितळ जवळ पडेल, नाहीतर बांबोळीला गोमेकॉत कान-नाक-घसा विभाग आहेच. सूज भरलेली असताना पडदा दिसला नाही तर डॉक्टर 'नंतर बघू' म्हणतील, आणि ते बरोबर आहे. पडदा दिसेपर्यंत तो फाटका आहे असे समजूनच औषध निवडायचे असते.

आता कान कोरडा ठेवण्याबद्दल. आजाराचे मूळ जंतूंपेक्षा पाण्यातच जास्त आहे, म्हणून इथे थोडे थांबते. कानातला मळ किंचित आम्लधर्मी असतो आणि नळीच्या कातडीवर पाणी न चिकटणारा थर धरून असतो. तासन्तास पोहल्याने तो थर धुऊन जातो, कातडी मऊ पडते, खाजते. मग इअरबड किंवा सेफ्टी पिन आत जाते, ओरखडा उठतो आणि स्युडोमोनासला दार मिळते. हा जंतू पाण्यात राहणारा. त्याला झर, न्हंय आणि नीट क्लोरिन न घातलेला तलाव, सगळे सारखेच मानवते. म्हणून थेंब घालता-घालता पोहायला गेले की दुखणे लांबते.

आंघोळीच्या वेळी कापसाचा गोळा पेट्रोलियम जेलीत माखून कानाच्या तोंडाशी बसवा, आत ढकलू नका. आंघोळ झाली की लगेच काढा. डोके धुवायचे तर मान मागे करून, कुणीतरी पाणी ओतावे. एवढे करूनही पाणी गेले, तर डोके उजवीकडे कलवून पाळी हलवा, बाहेरचे टिपा. केस सुकवायचे यंत्र असेल तर सर्वांत कमी उष्णतेवर, हातभर लांबून अर्धा-एक मिनिट वारा द्या. बरे होईपर्यंत कानात घालायचे इअरफोन बंद. शाळेत जाताना पावसात भिजलेले हेल्मेट मागे बसून घालत असेल, तर त्याचे अस्तर आधी वाळवा. जुलैत ते आपोआप वाळत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार! रबरी बूच पोहणाऱ्यांना एरवी उपयोगी पडते, पण सुजलेल्या नळीत ते घासते, म्हणून सध्या तेही नको.

स्पर्धेला पाठवू नका. मुलगा रुसेल, प्रशिक्षकही 'बूच लावून उतरू दे' म्हणतील. पडदा शाबूत असता तर सात ते दहा दिवसांनी, ठणका आणि स्राव पूर्ण थांबल्यावर, मी हो म्हटले असते. इथे पाणी नळीत थांबणार नाही, भोकातून मधल्या कानात जाईल. उडी मारताना किंवा खोल जाताना ते दाबाने जाते, आणि गार पाणी आतल्या कानाजवळ पोचले की पाण्यातच भोवळ येऊ शकते. म्हणून या मुलाच्या बाबतीत पडदा बघितल्याशिवाय तलाव नाही.

नवे थेंब सुरू केल्यापासून 48 ते 72 तासांत ठणका कमी व्हायला हवा. झाला नाही तर आणखी थेंब ओतत बसू नका. बहुधा चारपैकी एक कारण असते. औषध आत पोचत नाही किंवा पाणी अजून जातेय, ही दोन वर सांगितलीच. तिसरे कारण नीओमायसिनची वावडी: कान आधीपेक्षा जास्त लाल, खाजरा होतो आणि थेंब जिथून ओघळले तिथे पाळीवर, गालावर पुरळ उठते. बाटली बदलली की हे शमते. चौथे कारण बुरशी, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती पहिल्यांदा आठवावी. तिच्यात दुखण्यापेक्षा खाज जास्त असते, नळीत भिजलेल्या कागदासारखा लगदा दिसतो, कधी त्यावर काळे ठिपके. लांबलेल्या अँटिबायोटिक-स्टेरॉइड थेंबांनीच ती माजते. तिथे साफसफाई आणि बुरशीचे औषध लागते, आणि पडद्याला भोक असेल तर तेही कानाच्या डॉक्टरांनीच निवडायचे.

वाट न पाहता इस्पितळात न्यायच्या खुणा थोड्याच आहेत: कानामागे सूज येऊन पाळी पुढे ढकललेली दिसणे, जोराचा ताप, तोंड एका बाजूला वाकडे होणे, गरगरणे, एकाएकी ऐकू न येणे. घरात कुणी मधुमेही असेल आणि त्याच्या कानात रात्री झोप उडवणारा ठणका असेल, तर थेंबांवर एक दिवसही घालवू नका. मधुमेहात स्युडोमोनास हाडात उतरतो, आणि मग आठवडेच्या आठवडे उपचार लागतात.

कान कोरडा झाल्यावर तीनेक आठवड्यांनी, चवथीच्या गडबडीत राहून जाईल म्हणून आजच तारीख ठरवून, पुन्हा दाखवायला जा. त्या भेटीत दोन गोष्टी मागा: पडद्याची सूक्ष्मदर्शकाने तपासणी आणि दोन्ही कानांची ऐकण्याची चाचणी. भोक असलेच तर ते कुठे आहे, किती आहे, कडेला आहे की मधे, यावर पुढचे ठरेल. कडेचे भोक जास्त लक्ष देण्याजोगे असते, तिथून कातडी आत शिरून हाडे कुरतडणारा आजार होऊ शकतो. मधले, कोरडे राहणारे भोक असेल तर घाई नसते. पण मुलगा पोहणारा आहे, आणि 13 वर्षांचे वय पडदा शिवण्याच्या शस्त्रक्रियेला योग्य आहे. ती झाल्यावर पडदा नीट बसल्याची खात्री करून डॉक्टर त्याला पाण्यात उतरायला सांगतील. शस्त्रक्रिया नको असेल तर कानाच्या मापाने बनवलेले बूच आणि वरून घट्ट पट्टी लावून, पृष्ठभागावर पोहायला काही डॉक्टर परवानगी देतात. सूर मारणे मात्र बंद. यातले काय निवडायचे ते त्या दिवशी मुलासमोरच बोला. पोहायचे त्याला आहे, आणि पट्टी विसरणारही तोच.